काचेच्या नळीतलं रक्त

हातातून काढलेलं रक्त साध्या काचेच्या नळीत ठेवलं, की पाच-दहा मिनिटांत दह्यासारखं घट्ट होतं. म्हणून तर लॅबमधल्या जांभळ्या झाकणाच्या नळीत ते गोठू नये यासाठी आधीच रसायन घातलेलं असतं. तेच रक्त शरीरात मात्र वर्षानुवर्षं वाहत राहतं. फरक रक्तात नाही, भांड्यात आहे.

रक्तवाहिनीला आतून फक्त एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. ते नुसतं गुळगुळीत नसतं, सतत कामात असतं. १९७६ साली इंग्लंडमध्ये जॉन व्हेन आणि साल्व्हादोर मोंकाडा यांच्या गटाला रक्तवाहिनीच्या भिंतीत तयार होणारा एक पदार्थ सापडला: प्रोस्टासायक्लिन. तो प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. अस्तरातून झिरपणारा नायट्रिक ऑक्साइड वायूही तेच करतो.

त्याहून चलाख युक्ती थ्रॉम्बिनची. गुठळी बांधणारं हे मुख्य प्रथिन. पण अस्तरावरचा थ्रॉम्बोमोड्युलिन नावाचा रेणू त्याला धरतो आणि त्याचं काम उलटं फिरवतो. धरलेलं थ्रॉम्बिन ‘प्रोटीन सी’ला जागं करतं, आणि ते गोठण्याची साखळीच तोडतं. चोरालाच पहाऱ्यावर बसवल्यासारखं.

आता समजा, पन्नाशीतल्या एका धूम्रपान करणाऱ्या माणसाच्या हृदयधमनीत, फाट्यापाशी, कोलेस्टेरॉल अस्तराखाली साचू लागलं आहे. ते गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी फुगून तिथेच मरतात आणि मऊ गाळ होतो. त्यावर तंतूंची पातळ साय धरते. वरचं अस्तर आजारी पडतं; नायट्रिक ऑक्साइड कमी बनवतं, चिकट होतं. धमनी ४० टक्के अरुंद झाली, तरी स्ट्रेस टेस्ट बहुधा नॉर्मलच येते, कारण रक्ताला वाट पुरेशी असते.

मग एके पहाटे ती साय फाटते. आतल्या गाळात ‘टिश्यू फॅक्टर’ ठासून भरलेला असतो. रक्ताला त्याचा स्पर्श होताच थ्रॉम्बिन भराभर तयार होतं. उघड्या पडलेल्या कोलॅजनवर प्लेटलेट्स तुटून पडतात. तिथे अस्तरच उरलेलं नसतं, त्यामुळे थ्रॉम्बिनला धरायलाही कोणी नसतं. उरलेली ६० टक्के वाट गुठळीनं काही मिनिटांत बुजू शकते. आदल्या महिन्याचा रिपोर्ट खोटा नव्हता. त्यानं वाटेची रुंदी तपासली होती, सायीची जाडी नाही.

अॅस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी इथेच कामी येते. चिकटण्याचा संदेश देणारं थ्रॉम्बॉक्सेन प्लेटलेट्स ज्या एन्झाइमनं बनवतात, ते ती कायमचं बंद करते. प्लेटलेटला केंद्रक नसल्यानं तिला नवं एन्झाइम बनवता येत नाही. तिच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात ती तशीच राहते. अस्तराच्या पेशींना केंद्रक असतं, त्या काही तासांत सावरतात आणि प्रोस्टासायक्लिन पुन्हा सुरू होतं. डोस लहान ठेवण्यामागे हेही एक कारण आहे. रक्तस्रावाचा धोका मात्र उरतोच.

आणि स्टेंट बसवला तरी ती जाळी रक्ताला परकीच. तिच्यावर नवं अस्तर चढायला कित्येक महिने लागू शकतात, तोवर अॅस्पिरिनच्या जोडीला दुसरी गोळी चालू असते.