कारचा एआय फोटो खोटा का वाटतो? प्रॉम्प्टमध्ये आधी सूर्य कुठे आहे ते लिहा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये भरदुपारी गाडीचा फोटो काढायचा, जेमिनी किंवा चॅटजीपीटीवर अपलोड करायचा आणि लिहायचं, ‘ही कार पवई तलावाजवळ सूर्यास्ताच्या वेळी वेगात धावताना दाखव.’ थोड्याच वेळात फोटो येतो. पहिल्या नजरेत भारी, दुसऱ्या नजरेत खेळण्यातली गाडी! नेमकं काय बिनसलं ते सांगता येत नाही. मग प्रॉम्प्टमध्ये ‘सिनेमॅटिक’, ‘अल्ट्रा रिअलिस्टिक’, ‘८के’ असे शब्द वाढत जातात. त्यांनी फारसं काही सुधारत नाही, कारण चूक बहुतेक वेळा उजेडाची असते. फोटोत सूर्य एकीकडे आणि त्याचं ऊन भलतीकडे!

सूर्य मागे, मग दार सोनेरी कसं?

पवईचंच उदाहरण घेऊ. आदि शंकराचार्य मार्गाच्या एका बाजूला तलाव आहे, दुसऱ्या बाजूला हिरानंदानीच्या इमारती. तलाव मागे यावा म्हणून कॅमेरा तलावाकडे वळवला आणि सूर्यही तलावावरच मावळताना मागितला, तर गाडीची आपल्याकडची बाजू सावलीत असणार. टपाची कड तेवढी उजळेल, दार मात्र काळपट निळसर दिसेल. आपण मात्र त्याच प्रॉम्प्टमध्ये ‘रंगावर सोनेरी ऊन’ असंही लिहितो. एआय दोन्ही मागण्या पूर्ण करतं आणि फोटो तिथेच फसतो.

खरं तर या रस्त्यावर दोन्ही गोष्टी एकत्र मिळू शकतात, पण त्या हिवाळ्यात. तलावाजवळ हा रस्ता साधारण पूर्व-पश्चिम जातो आणि तलाव त्याच्या उत्तरेला येतो. मुंबईत जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो, म्हणजे तलावाच्या बाजूला. डिसेंबरमध्ये तो तेवढाच दक्षिणेला सरकतो. तेव्हा जोगेश्वरीकडे तोंड केलेल्या गाडीवर ऊन समोरून आणि किंचित आपल्या बाजूने येतं. तलाव मागे राहतो आणि दारावर तिरपं ऊनही पडतं (अर्थात मध्ये एखादा टॉवर आला नाही तर). हेच प्रॉम्प्टमध्ये लिहायचं. मराठीत लिहिलं तरी चालतं:

```
अपलोड केलेल्या फोटोतली हीच कार, तोंड फोटोच्या डावीकडे.
मागे तलाव. सूर्य फ्रेमच्या बाहेर डावीकडे, कॅमेऱ्याच्या
किंचित मागे, क्षितिजाच्या जरा वर. बोनेट आणि दारावर तिरपं
सोनेरी ऊन. मागचा बंपर निळसर सावलीत. गाडीची लांब सावली
उजवीकडे.
```

सावलीकडे नीट बघा, चूक लगेच पकडता येते. सूर्य क्षितिजापासून पाच अंश वर असेल, तर सावली वस्तूच्या उंचीच्या अकरा पटींहून लांब पडते. दीड मीटर उंच हॅचबॅकची सावली सतरा मीटरच्या आसपास जाईल. एआयने चाकांखाली दुपारसारखी आखूड सावली ठेवली असेल, तर वरचा सूर्यास्त फुकट गेला.

रंगाचंही तसंच. पांढरी गाडी संध्याकाळी सगळीकडून नारिंगी होत नाही. उन्हाकडची बाजू सोनेरी होते, उरलेल्या भागावर आकाशाचा निळसर उजेड असतो. हा फरक मागितला नाही, तर गाडीवर नुसता पिवळा फिल्टर मारल्यासारखा दिसतो.

दारात तलाव दिसतोय? फोटो चुकला

गाडीच्या रंगावर पारदर्शक लॅकरचा थर असतो, ज्याला गॅरेजमध्ये क्लिअर कोट म्हणतात. तो आरशासारखं काम करतो. आरशात त्याच्यामागची वस्तू दिसत नाही, समोरची दिसते. म्हणजे तलाव गाडीच्या मागे असेल, तर आपल्याकडच्या दारात तलाव दिसणं अशक्य. तिथे फोटो काढणाऱ्याच्या बाजूचं जग दिसायला हवं. इथे ते म्हणजे झाडं, फुटपाथ आणि हिरानंदानीच्या इमारती. एआय हमखास इथेच घसरतं आणि मागचं पाणी दारावर चमकवतं.

प्रतिबिंब कसं वळतं तेही महत्त्वाचं आहे. दाराचा वरचा भाग किंचित आकाशाकडे झुकलेला असतो, त्यामुळे त्यात आकाश दिसतं. खालचा भाग रस्ता दाखवतो. या दोन्हींच्या मधली रेघ हँडलच्या आसपास पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत सलग गेली पाहिजे. म्हणून आधीच्या प्रॉम्प्टला एवढं जोडा:

```
दारांवर कॅमेऱ्याच्या बाजूची झाडं आणि इमारतींचं पुसट
प्रतिबिंब. वर आकाश, खाली रस्ता, मधली रेघ दोन्ही दारांवर
सलग. तलावाचं प्रतिबिंब दारावर नको.
```

चाक किती फिरलं पाहिजे?

शेजारून त्याच वेगाने जाणाऱ्या दुसऱ्या गाडीतून काढलेल्या फोटोला रोलिंग शॉट म्हणतात. त्यात गाडी स्पष्ट दिसते आणि रस्ता धूसर. हा शॉट काढायला लोक भर रहदारीत खिडकीबाहेर लटकतात. त्यापेक्षा प्रॉम्प्ट केव्हाही बरा.

‘मोशन ब्लर’ एवढंच लिहिलं, की एआय अनेकदा गाडीच पुसट करतं आणि चाकं ठप्प उभी ठेवतं. त्याऐवजी हिशेब करा. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा साठावा भाग उघडं राहिलं, तर तेवढ्यात गाडी सुमारे १८ सेंटिमीटर सरकते आणि साधारण ६० सेंटिमीटर व्यासाचं चाक ३५ अंश फिरतं. पाच आरे असलेल्या अलॉय व्हीलमध्ये दोन आऱ्यांत ७२ अंशांचं अंतर असतं. म्हणजे आरे पुसट होतील, पण मोजता येतील. शटर तिसावा भाग उघडं ठेवलं, तर ते जवळजवळ एकमेकांत मिसळतील.

दूरच्या आणि जवळच्या वस्तू सारख्याच धूसर होत नाहीत. कॅमेऱ्याजवळचा रस्ता रेघारेघांचा होतो, कठडा बराच पुसतो आणि तलावापलीकडच्या टेकड्या जवळपास स्पष्ट राहतात. दारातली झाडंही आडवी ताणली जातात. उन्हाचा चमकता ठिपका मात्र जागचा हलत नाही, कारण सूर्य फार दूर आहे.

```
शेजारच्या गाडीतून काढलेला रोलिंग शॉट, वेग ताशी ४० किमी,
शटर 1/60. गाडी स्पष्ट, आरे पुसट पण मोजता येतील असे.
जवळचा रस्ता आडव्या रेघांत, दूरच्या टेकड्या जवळपास स्पष्ट.
दारातली झाडं आडवी ताणलेली. नंबर प्लेट कोरी. गाडीचा आकार,
चाकांची नक्षी आणि लोगो बदलू नको.
```

कोऱ्या नंबर प्लेटचा आग्रह धरा. एआय आकडे चुकवतं, आणि चुकून तयार झालेला नंबर दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचा असू शकतो.

गाडी विकायची असेल तर

मग हा फोटो जाहिरातीत टाकू नका. जुनी गाडी बघायला आलेला जाणकार माणूस दारावर नजर तिरपी लावून प्रतिबिंबाची रेघ पाहतो. रेघ जिथे वाकडी होते, तिथे पोचा असतो किंवा पुटी भरून केलेलं काम. हलका पोचा बहुतेक वेळा एवढ्याच खुणेवरून कळतो. आपण एआयला नवं, सलग प्रतिबिंब काढायला सांगतो, तेव्हा ते नेमकी हीच खूण पुसतं. पोचा काढून टाक असं तुम्ही कुठेही लिहिलेलं नसतं, तरी फोटोतून तो गेलेला असतो. घेणारा पवईला येऊन दार बघेल, तेव्हा मात्र तो तिथेच असेल.