अक्षता पडतात तेव्हा फाइल फुगते

समजा, राजुरीतल्या एका घरचं लग्न आहे. परदेशातल्या आत्याला हलत्या चित्रांची लग्नपत्रिका पाठवायची आहे. गोष्ट एका मिनिटाची: आत्या बॅग घेऊन आळेफाट्याला उतरते, जीपने राजुरीला येते, मांडवाच्या दारात तिच्या कपाळी कुंकू लागतं आणि शेवटी अक्षता पडतात. मागे सनई. हे सगळं मोबाइलवर पटकन उघडेल अशा आठेक एमबीच्या फाइलीत बसवायचं.

उभ्या चित्राचा आकार ७२० बाय १२८० धरला, तर एका चित्रात ९ लाख २१ हजार ६०० ठिपके येतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट आणि सेकंदाला २५ चित्रं या हिशेबाने एका मिनिटाचे चार जीबीहून जास्त होतात. म्हणजे मूळ माहितीच्या सुमारे पाचशेव्या भागात गोष्ट सांगायची आहे. २००३ साली प्रमाणित झालेली एच.२६४ ही पद्धत हे काम करते, कारण ती प्रत्येक चित्र नव्याने साठवतच नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवते आणि मधल्या चित्रांसाठी फक्त ‘हा तुकडा इथून तिथे सरकला’ एवढं नोंदवते. उरलेला फरक लहान चौकोनांत मोडून, डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळते. या गाळणीमागचं गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये मांडलं होतं.

म्हणून गोष्ट रचतानाच फाइलीचा आकार ठरतो. आळेफाट्याचा देखावा स्थिर आणि फक्त आत्या चालते आहे, हे दृश्य अगदी स्वस्त. जीपमागचं शिवार एकाच दिशेने सरकतं, तेही स्वस्तच, कारण सगळे तुकडे एकसारखे सरकतात. महाग पडतं ते एक दृश्य विरघळत दुसरं उमटणं: तिथे प्रत्येक ठिपक्याचा रंग दर क्षणी बदलतो आणि ‘सरकलं’ म्हणण्याजोगं काहीच उरत नाही. सरळ कापून पुढचं दृश्य आणावं.

अक्षतांचं दुखणं याहून मोठं. शेकडो बारीक दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, गिरकी वेगळी. एकाची हालचाल दुसऱ्याला लागू पडत नाही. आठ एमबी म्हणजे सेकंदाला सरासरी दहा लाखांच्या आसपास बिट. अक्षता मिनिटभर पडत राहिल्या, तर त्यातला मोठा वाटा त्याच खातात आणि काटकसर होते ती मुहूर्ताच्या ओळीत. तयार पत्रिकांत सगळीकडे पाकळ्या उधळलेल्या असतात आणि नावं मात्र धुरकट दिसतात, त्याचं कारण बहुधा हेच. अक्षता शेवटच्या तीन सेकंदांत, मोजक्या, मोठ्या आणि एकरंगी पार्श्वभूमीवर पाडाव्यात. त्या वेळी पडद्यावर मजकूर नको.

मजकुराच्या रंगाचाही विचार करावा लागतो. आपला डोळा उजेडातला फरक बारकाईने टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून शेजारच्या चार ठिपक्यांना मिळून एकच रंग साठवला जातो; उजेड मात्र प्रत्येकाचा वेगळा. मांडवाच्या हिरव्या रंगावर तितक्याच गडद लाल अक्षरांत नाव लिहिलं, तर फरक केवळ रंगाचा उरतो आणि कडा फेसाळतात. फिक्या हळदी रंगावर गडद कुंकवी अक्षरं ठसठशीत राहतात. देवनागरीत आधी बळी जातो तो अनुस्वार आणि रफार यांचा, म्हणून अक्षर जाड घ्यावं.

सनईचा खर्च किरकोळ. एकाच वाहिनीत सेकंदाला ९६ हजार बिट दिले, तर मिनिटाचे सुमारे ७२० केबी. याहून फार खाली नेऊ नये; सनईच्या आवाजातले वरचे स्वर आधी गळतात आणि आवाज बद्द होतो. पारंपरिक सूर गावच्या वाजंत्र्यांकडून, त्यांना विचारून, ध्वनिमुद्रित करून घेतला तर हक्कांचा प्रश्नही येत नाही.

शेवटचं आवळणं संगणकावर एका आज्ञेत होतं:

```
ffmpeg -i patrika.mov -c:v libx264 -crf 23 \
 -preset slow -tune animation -pix_fmt yuv420p \
 -c:a aac -ac 1 -b:a 96k -movflags +faststart patrika.mp4
```

फाइल मोठी झाली तर २३ चा आकडा वाढवावा. सहाने वाढवला की आकार साधारण निम्मा होतो. `faststart` मुळे फाइलीची अनुक्रमणिका सुरुवातीला येते, त्यामुळे पूर्ण उतरण्याआधीच चित्र चालू होऊ शकतं.

मग ती लगेच आत्याला धाडू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ती पुन्हा आवळली जाते आणि आपण राखलेल्या कडा तिथे जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोचते. आधी घरातल्याच दुसऱ्या फोनवर दोन्ही तऱ्हांनी पाठवावी, मुहूर्ताच्या ओळीवर चित्र थांबवावं आणि मोठं करून पाहावं. अक्षरांभोवती चौकोनी डाग दिसले किंवा ‘शुभमंगल’मधलं टिंब हरवलं, तर आकडा कमी करण्याआधी त्या दृश्यात अजून काय हलतंय ते शोधावं. बहुतेक वेळा कोपऱ्यात कुठेतरी समईची ज्योत लुकलुकत असते आणि तिचा उजेड सगळ्या पडद्यावर हलत असतो. तो उजेड थांबवला, ज्योत तेवढी हलती ठेवली, की अक्षरं सावरतात.