सेलची सूट नेमकी कुठून जाते?

दिवाळीच्या तोंडावर ऑनलाइन दुकान चालवणारा बॅनर लावतो: सरसकट २० टक्के सूट. त्याच्या मनातला हिशोब असा असतो की वस्तूमागे चाळीस टक्के सुटतात, त्यातले वीस सोडले तरी वीस उरतील. हा हिशोब चुकतो, कारण सूट पूर्ण किमतीवर दिली जाते आणि जाते मात्र नफ्याच्या छोट्याशा तुकड्यातून.

एक सुती कुर्ता घेऊ. किंमत १०५० रुपये, त्यात ५ टक्के जीएसटी धरलेला. म्हणजे दुकानाचे खरे १०००. खरेदी ६००, खोका आणि पिशवी ३०, कुरिअर ८०, पेमेंट गेटवेचे २ टक्के म्हणजे २१. उरले २६९. आता २० टक्के सूट दिली. ग्राहक ८४० देतो, कर वजा जाता दुकानाला ८०० मिळतात. गेटवेचे ४ रुपये कमी झाले, पण खरेदी, खोका आणि कुरिअर जागच्या जागी. उरले ७३. किंमत एक पंचमांशाने उतरली आणि नफ्याचे जवळजवळ तीन हिस्से गेले.

खरा घोळ याच्या पुढे होतो. ‘पहिल्या खरेदीवर १० टक्के’ असा WELCOME10 कूपन कोड कधीतरी बनवलेला असतो आणि तो अजून चालू असतो. ग्राहक सेलच्या भावावर तोही टाकतो. ८४० चे ७५६ होतात, दुकानाला ७२० मिळतात आणि खर्च वजा करता पाच रुपये खिशातून जातात. ऑर्डरी धडाधड येत असतात, त्यामुळे महिनाअखेरपर्यंत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. कॅश ऑन डिलिव्हरीचे एखादे पार्सल न घेताच परत आले, तर जाण्यायेण्याचे १६० रुपये दोन चांगल्या ऑर्डरींची कमाई खाऊन टाकतात.

वूकॉमर्सवर दुकान असेल, तर कूपनच्या पानावर दोन चौकटी असतात. `Individual use only` वर खूण केली की त्या कोडबरोबर दुसरा कोड चालत नाही. पण सेलचा भाव हा काही कोड नव्हे. त्याला ही खूण अडवत नाही. त्यासाठी `Exclude sale items` वर वेगळी खूण करावी लागते. बरेच जण पहिली खूण करून निर्धास्त होतात आणि नुकसान नेमके दुसरीतून होते. ‘एका ग्राहकाला एकदाच’ ही मर्यादाही घालावी. मात्र नवा ईमेल दिला की ती ओलांडता येते, म्हणून कोड एकूण किती वेळा वापरता येईल, तो आकडाही भरावा.

दोन्ही सवलती एकत्र द्यायच्याच असतील, तर माझ्या मते किमान खरेदीची अट हा सर्वांत सरळ मार्ग आहे. `Minimum spend` मध्ये १५०० टाकले की सेलच्या भावाने दोन कुर्ते घ्यावे लागतात. दुकानाला १४४० मिळतात. त्यातून खरेदीचे १२००, एकाच खोक्याचे ४०, कुरिअरचे १०० धरले आणि गेटवेचे ३० गेले, तरी ७० उरतात. सूट तेवढीच, पण पार्सल एकच. तोटा सूट कमी करून नव्हे, कुरिअर वाटला गेल्यामुळे टळला.

तारखेकडेही नीट पाहावे. बॅनरवर ‘२० ऑक्टोबरपर्यंत’ लिहिले आणि कूपनच्या मुदतीतही २० तारीखच टाकली, तर वूकॉमर्समध्ये तो कोड २० तारीख उजाडण्याआधी, मध्यरात्रीच बंद होतो. उलट वस्तूचा सेलभाव त्याच तारखेला लावला, तर तो दिवस संपेपर्यंत टिकतो. त्यामुळे कूपनला २१ तारीख द्यावी. साइटचे घड्याळ भारतीय वेळेवर आहे का तेही बघावे; ते यूटीसीवर राहिले असेल, तर सगळे साडेपाच तास उशिरा घडते.

बॅनरचे शब्द या नियमांशी जुळले पाहिजेत. किमान खरेदीची अट असेल तर ती बॅनरवरच दिसावी, पैसे भरण्याच्या पानावर नव्हे. दर वेळी नव्याने सुरू होणारे ‘फक्त दोन तास उरले’ हे घड्याळ तर लावूच नये. केंद्र सरकारने २०२३ मध्ये डार्क पॅटर्न्सविरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत अशी खोटी घाई अनुचित ठरवलेली आहे. ग्राहकाची फसवणूक म्हणून ती मला त्याआधीही पटत नव्हती.

सेल सुरू होण्याच्या आदल्या रात्री ब्राउझरच्या खासगी खिडकीत, अनोळखी ग्राहकासारखी एक ऑर्डर भरून पाहावी. सेलमधली सर्वांत कमी नफ्याची वस्तू घ्यावी, चालू असलेला प्रत्येक कोड एकामागून एक टाकावा आणि शेवटी दिसणारी रक्कम कागदावर उतरवून त्यातून कर, खरेदी, खोका, कुरिअर आणि गेटवे वजा करावेत. उत्तर शून्याखाली गेले, तर ज्या कोडने ते खाली नेले तो तिथल्या तिथे बंद करावा. सेल सुरू झाला की रोज संध्याकाळी `Analytics` मधला `Coupons` अहवाल उघडावा. तिथे प्रत्येक कोडवर किती ऑर्डरी आल्या आणि किती सूट गेली ते दिसते. ज्या कोडची जाहिरातच केलेली नाही तो अचानक पुढे आला, तर तो कुठल्या तरी कूपन साइटवर पोहोचलेला आहे असे समजावे आणि दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता बदलून टाकावा.