रात्रभराचं नाटक, एका मिनिटाचा टीझर

दिवाळीनंतर लाखांदूर तालुक्यात गावोगावी मंडई भरते, पुढे शंकरपट सुरू होतात आणि रात्री पेंडॉलमध्ये झाडीपट्टीचं नाटक रंगतं. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे या नाटक कंपन्यांचं माहेर. प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. चित्रण सहा तासांचं धरलं तर २१,६०० सेकंद होतात, आणि टीझर हवा ६० सेकंदांचा.

सगळं पाहत बसण्याआधी संकलकानं आवाजाचा आलेख उघडावा. प्रेक्षक हसले, शिट्या वाजल्या, की तिथं उंचवटा दिसतो. हशा झपाट्यानं चढतो आणि हळूहळू ओसरतो. माइक किंचाळला किंवा आवाज फाटला तर माथा कापल्यासारखा सपाट येतो. तो उंचवटा सोडून द्यावा. मात्र हशा हा परिणाम असतो. कामाचा क्षण त्याच्या आधी असतो, म्हणून पाच-दहा सेकंद मागं जाऊन खलनायकाची ती नजर किंवा नायिकेचं ते थबकणं उचलायचं.

आता वेग. शॉट जितके छोटे तितका टीझर वेगवान, असा समज आहे. पण इथं डोळ्याचा हिशेब येतो. दृश्य बदललं की नजरेला नवी जागा गाठायला साधारण पाव सेकंद लागतो. सेकंदाला २५ चित्रचौकटी असतील तर सहा चौकटी त्यातच जातात. शॉट बारा चौकटींचा असेल आणि चेहरा आधी डावीकडे, मग उजवीकडे आला, तर निम्मा वेळ शोधण्यात सरतो आणि हाती नुसती लगबग उरते. म्हणून जलद तुकड्यांत चेहरे पडद्याच्या एकाच भागात ठेवावेत. गच्च भरलेल्या पेंडॉलचा शॉट मात्र दोन-तीन सेकंद टिकू द्यावा. त्यात पाहण्यासारखं खूप असतं. तपासायचं तर आवाज बंद करून टीझर मोबाइलवर कुणाला तरी दाखवा आणि काय दिसलं ते विचारा.

ढोलकीच्या ठेक्यावर कापताना आणखी एक गफलत होते. मिनिटाला १२० ठोके असतील तर एका ठोक्याला साडेबारा चौकटी येतात. अर्धी चौकट कापता येत नाही. प्रत्येक शॉट बाराचा ठेवला तर वीस कापांनंतर चित्र ठेक्याच्या दहा चौकटी पुढं पळालेलं असतं, आणि ते कानाला लगेच खटकतं. आळीपाळीनं बारा आणि तेरा घेतले की ताल जुळतो. तरी प्रत्येक ठोक्यावर कापू नये. सुरुवातीला सहा-आठ ठोक्यांनी, मग चारांनी, मग दोनांनी कापावं, आणि वेग टिपेला पोचला की संगीत एकदम तोडावं.

त्या शांततेत एकच संवाद ठेवायचा. तो प्रश्न असावा, आणि समोरच्याचं तोंड उत्तरासाठी उघडताच चित्र काळं करावं. कारण तोच प्रयोग पुढच्या गावी लागणार असतो, आणि तिथल्या माणसानं ते उत्तर तिकीट काढून ऐकायचं असतं.