सुट्टी नसलेला सेल्समन

तालुक्याच्या गावातलं साड्यांचं दुकान. गल्ल्यावर शेठ, खरेदीला त्यांचा धाकटा भाऊ, लग्नसराईत मदतीला वहिनी आणि बाहेरची चार माणसं. त्यांतला एक सेल्समन सकाळी साडेनऊला शटर वर करतो, झाडलोट करतो, गाद्यांवर पांढऱ्या चादरी अंथरतो. शेवटच्या गिऱ्हाइकाने उलगडायला लावलेल्या साड्यांच्या घड्या घालून निघेपर्यंत रात्रीचे साडेनऊ होतात. मधे जेवायला अर्धा तास. रविवार बाजाराचा, म्हणून सुट्टीचं नाव काढायचं नाही. गिऱ्हाईक काही न घेता उठलं की शेठ सगळ्यांदेखत ओरडतात, ‘फुकटचा पगार खातोस!’ अर्ध्या तासाने तेच चहा मागवतात, ‘तू तर घरचाच रे.’

घरच्या माणसाने तासांचा हिशेब मागायचा नसतो, ही यातली खरी मेख.

तो हिशेब मांडून पाहू. रोज साडेअकरा तास काम, म्हणजे आठवड्याला साडेऐंशी. पगार १२,००० रुपये धरला आणि महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास काम असतं, तर तासाला साधारण ५८ रुपये पडले असते. प्रत्यक्षात तीस दिवस राबून हातात पडतात जेमतेम ३५. त्यातून बहिणीच्या लग्नाला घेतलेली उचल कापली जाते. ती फिटेपर्यंत दुसरं दुकान बघायची सोय नाही.

कायदा आहे, पण त्याला भगदाड आहे. १९४८चा मुंबई दुकाने कायदा छोट्या दुकानांनाही लागू होता. २०१७च्या नव्या कायद्यात रोज नऊ तास, आठवड्याला ४८ तास आणि एक सुट्टी ही मर्यादा घातली गेली. मात्र ती दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांपुरती. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा आकडा वीस करायला मंजुरी दिली. चार माणसांचं दुकान दोन्हीकडून बाहेरच.

किमान वेतनाला मात्र माणसांची अशी अट नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम १३नुसार किमान वेतन ठरलेल्या कामांसाठी सरकार कामाचे तास आणि सात दिवसांत एक विश्रांतीचा दिवस ठरवू शकतं. जादा कामाला दुप्पट दर आहे. नुकसानीपोटी पगार कापायचा तर आधी कामगाराचं म्हणणं ऐकावं लागतं. शेठच्या तोंडाला लगाम घालणारं कलम मात्र यात नाही.

अडतं ते पुराव्यापाशी. नेमणूकपत्र नाही, पगार रोख. अशा वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज आल्या-गेल्याची वेळ लिहावी, ‘उद्या लवकर ये’ असे शेठचे व्हॉट्सअ‍ॅप निरोप पुसू नयेत आणि शक्य तर पगार खात्यावर मागावा. तक्रार जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करता येते. नोकरीत असताना ती करायची हिंमत फार थोड्यांना होते. पण थकलेल्या वेतनाचा दावा करायला संहितेने तीन वर्षांची मुदत दिली आहे, त्यामुळे दुकान सोडल्यावरही तो करता येतो.