किडनीचा आजार आणि बदलीचा अर्ज: कधी द्यावा, काय लिहावे

सरकारी नोकरीतल्या माणसाची किडनी निकामी होऊ लागली की घरचे औषधपाण्याच्या मागे लागतात. बदलीचा विचार येतो तो शेवटी, डायलिसिस सुरू झाल्यावर आणि रजा संपत आल्यावर. मग घाईने चार ओळींचा अर्ज जातो: "माझी प्रकृती बरी नसते, तरी कृपया बदली व्हावी." असा अर्ज फायलीत पडून राहतो, कारण साहेबाने सही कशाच्या आधारावर करावी हे त्यात कुठेच नसते.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. जासईचा एक भाऊ राज्य शासनाच्या कार्यालयात लिपिक आहे, म्हणजे गट क. नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगडला, तिथे एक वर्ष आठ महिने झाले. पत्नी आणि आई जासईतच राहतात. अनेक वर्षांच्या रक्तदाबाने किडनी खराब झाली आहे आणि ईजीएफआर 18 आला आहे. ईजीएफआर म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा आकडा. क्रिएटिनिनच्या तपासणीवरून तो काढतात. हा आकडा 15 ते 29 असेल तर आजार चौथ्या पायरीवर असतो आणि 15 च्या खाली गेला की पाचव्या. हा भाऊ अजून कामावर जातो, चालतो-फिरतो. अर्ज देण्याची वेळ मात्र हीच आहे.

कारण पुढची तयारी डायलिसिसच्या आधी करावी लागते. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडण्याचे छोटे ऑपरेशन करतात, त्याला फिस्टुला म्हणतात. तो वापरण्याजोगा व्हायला सहा ते आठ आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. फिस्टुला तयार नसताना अचानक डायलिसिसची वेळ आली, तर मानेत नळी घालावी लागते आणि नळीतून जंतुसंसर्गाचा धोका बराच जास्त असतो. पत्नी किडनी द्यायला तयार असेल, तर दोघांचे रक्तगट, जुळणीच्या तपासण्या, हृदयाच्या तपासण्या आणि कायद्याप्रमाणे मंजुरी यात काही महिने जातात. या काळात दोघांनाही एकाच रुग्णालयात पुन्हा पुन्हा यावे लागते. जासईहून नवी मुंबईला किंवा परळच्या केईएम रुग्णालयात जाऊन त्याच दिवशी घरी परतता येते. मंडणगडहून प्रत्येक फेरीला रजा पडते.

इथे कार्यालयाचा एक नेहमीचा प्रश्न असतो: "डायलिसिस आता जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही होते, मग बदली कशाला?" प्रश्न चुकीचा नाही. 2016 पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली आहेत. म्हणून "इथे उपचारच नाहीत" असे लिहू नये; ते खोटे ठरले की बाकीच्या अर्जावरचा विश्वासही जातो. खरे कारण लिहावे. डायलिसिसचे यंत्र ही एक गोष्ट आणि किडनीविकारतज्ज्ञ, फिस्टुला करणारा सर्जन, प्रत्यारोपणाची सोय या वेगळ्या गोष्टी. यांपैकी काय नेमणुकीच्या ठिकाणी मिळते आणि काय मिळत नाही, हे आधी त्या रुग्णालयात जाऊन विचारून घ्यावे आणि तेवढेच लिहावे.

आता कायदा. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना 2005 चा बदल्यांचा अधिनियम लागू होतो. एका पदावरचा कार्यकाळ साधारण तीन वर्षांचा आणि बदल्या एप्रिल-मे महिन्यांत, हा त्यातला नियम. पण कलम 4(4) प्रमाणे विशेष कारण असेल तर वर्षात कधीही, आणि कलम 4(5) प्रमाणे कार्यकाळ पूर्ण होण्याआधीही बदली करता येते. दोन्ही वेळा कारण लेखी नोंदवावे लागते आणि वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. म्हणजे आपले कारण असे लिहिलेले हवे, की अधिकाऱ्याला ते तसेच टिपणीत उतरवता येईल. गट क साठी हा अधिकार विभागप्रमुखाकडे असतो.

अर्जाचा मुख्य भाग असा लिहिता येईल:

"मला दीर्घकालीन किडनीविकार असून आजार चौथ्या पायरीवर आहे. दिनांक … रोजी ईजीएफआर 18 होता. सोबतच्या प्रमाणपत्रानुसार येत्या काही महिन्यांत फिस्टुलाची शस्त्रक्रिया आणि प्रत्यारोपणपूर्व तपासण्या आवश्यक आहेत. माझी पत्नी किडनी देण्यास तयार असून ती जासई येथे राहते. या तपासण्या व शस्त्रक्रियेची सोय सध्याच्या ठिकाणी नाही. माझा कार्यकाळ पूर्ण झालेला नाही. तरी कलम 4(4) व 4(5) अन्वये विशेष बाब म्हणून बेलापूर, पनवेल किंवा उरण येथील रिक्त पदावर माझी बदली करावी, ही विनंती."

यात "काही महिन्यांत" हे शब्द आपल्या मनाचे नसावेत, डॉक्टरांच्या कागदावरून आलेले असावेत. म्हणून तज्ज्ञाकडे जाताना नुसते "आजारी असल्याचे सर्टिफिकेट" मागू नका. आजाराची पायरी, तारखेसह ईजीएफआर, पुढे कोणते उपचार, किती दिवसांनी यावे लागेल आणि असे किती काळ, या गोष्टी लिहून मागा. खासगी डॉक्टरांचा कागद असेल तर कार्यालय बहुधा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तपासणीला पाठवते. ते नाकारू नका. त्या कागदाने अर्जाचे वजन वाढते.

मागितलेल्या ठिकाणी पद रिकामे आहे का, हे आधी शोधा. आस्थापना शाखेत कळले नाही तर माहिती अधिकारात विचारा. अर्ज आपल्या कार्यालयप्रमुखामार्फतच द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्या. याच अधिनियमाच्या कलम 10 मध्ये दुसऱ्या विभागाकडे न जाणाऱ्या फायलीसाठी 45 दिवसांची मुदत आहे. आवक क्रमांक असेल तरच ते दिवस मोजता येतात.

मर्यादाही माहीत असाव्यात. बदली हा हक्क नाही. नकार आला तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाता येते, पण बदलीच्या बाबतीत न्यायालये सहसा हात घालत नाहीत. विनंती बदलीला प्रवासभत्ता मिळत नाही. आपला संवर्ग जिल्ह्याचा असेल, तर दुसऱ्या जिल्ह्यात ज्येष्ठता शेवटी लागते. विभागाचा असेल, तर रत्नागिरी आणि रायगड दोन्ही कोकण विभागातच येतात. हे सही करण्याआधी विचारून घ्या. किडनीविकार 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत नाही, म्हणून त्या प्रमाणपत्रामागे महिने घालवू नका.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे धोरण वेगळे आहे. तिथे डायलिसिस सुरू असलेले, किडनी प्रत्यारोपण झालेले किंवा जन्मापासून एकच किडनी असलेले शिक्षक विशेष संवर्ग भाग 1 मध्ये येतात. नुसत्या चौथ्या पायरीवर ते प्राधान्य मिळत नाही. महापालिका, महामंडळे आणि कंत्राटी कामगार यांचे नियमही निराळे आहेत. म्हणून नेमणुकीच्या आदेशावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे, ते सर्वात आधी पाहा. आणि घरात कुणाचा ईजीएफआर 30 च्या खाली आला असेल, तर तो रिपोर्ट आणि नेमणुकीचा आदेश याच आठवड्यात एकत्र काढून ठेवा.