थिएटरकडे ट्रॉली निघण्याआधी

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेची चेकलिस्ट जगापुढे आणली. तिचा पहिला टप्पा भूल देण्याच्या आधी, थिएटरमध्ये सुरू होतो. त्याच्याही आधी वॉर्डात एक कागद भरला जातो. तो भरतात सिस्टर, आणि पेशंटला व नातेवाइकांना तो बहुतेक वेळा ‘तेच तेच प्रश्न’ एवढ्यापुरताच लक्षात राहतो. हा कागद नीट भरला की नाही हे टिकमार्क पाहून कळत नाही. कारण टिक दोन प्रकारे होते: स्वतः पाहून, विचारून, किंवा फाइलमध्ये लिहिलंय म्हणून.

नेहमीचं एक उदाहरण घेऊ. सत्तरीच्या आसपासच्या एक आजी घरात घसरून पडल्या. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. सकाळी दहाला कृत्रिम गोळा बसवण्याचं ऑपरेशन, भूल कमरेतून. साडेसातला सिस्टर खाटेपाशी आल्या.

पहिला प्रश्न नावाचा. “तुम्ही शांताबाई ना?” असं विचारलं, तर कमी ऐकू येणाऱ्या आजी मान डोलावतील आणि शेजारच्या खाटेवरच्या आजीही डोलावतील. म्हणून “आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा” असंच विचारायचं, आणि उत्तर मनगटावरच्या पट्टीशी व केसपेपरवरच्या नंबराशी ताडून पाहायचं.

मग संमतीपत्र. आपल्याकडे मुलगा सही करतो आणि सगळ्यांना वाटतं, झालं. पण शुद्धीवर असलेल्या, समजून निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ पेशंटची संमती दुसरं कुणी देऊ शकत नाही. याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २००८चा निकाल स्पष्ट आहे. एका महिलेला दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचं गर्भाशय आणि बीजांडकोष काढले. जिवाला तातडीचा धोका नव्हता, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आईची संमती न्यायालयानं वैध मानली नाही. तपासणीला दिलेला होकार म्हणजे अवयव काढायला दिलेला होकार नव्हे, हेही सांगितलं.

म्हणून आमच्या आजींच्या फॉर्मवर सिस्टर तीन गोष्टी पाहतात. सही किंवा अंगठा आजींचाच आहे का? ऑपरेशनचं नाव पूर्ण आहे का, आणि ‘डावा’ हा शब्द अक्षरांत लिहिलाय का? भूल आणि रक्त देण्याची संमती घेतली आहे का? शिवाय त्या आजींना विचारतात, “आज काय करणार आहेत, सांगा बरं?” आजी म्हणाल्या, “पायाला वजन लावणार आहेत,” तर कागदावर सही असूनही संमती झालेली नाही. अशा वेळी सिस्टरनी स्वतः समजावत बसू नये, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना बोलवावं. धोके आणि पर्याय सांगणं हे त्यांचं काम आहे.

जागेची खूणही डॉक्टरांनीच करायची. पेशंट जागा असताना, झोपेचं औषध देण्याआधी, एक्स-रे आणि संमतीपत्र समोर ठेवून. मोडलेला पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो, मग खूण कशाला, असं वाटेल. पण थिएटरमध्ये आजींना कुशीवर वळवून हिरव्या कापडांनी झाकलं, की पाय दिसत नाही, फक्त मांडीचा एक तुकडा दिसतो. खूण त्या तुकड्यात यायला हवी. ती बाणाची असावी. फुली नको, कारण फुलीचा अर्थ एकाला ‘इथे’ वाटतो, दुसऱ्याला ‘इथे नको’. साध्या पेनाची शाई स्पिरिटनं पुसली जाते, म्हणून पक्क्या शाईचा मार्कर. आणि ती शाई वाळेपर्यंत दोन्ही मांड्या एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत, नाहीतर बाणाचा ठसा चांगल्या पायावर उमटतो. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण चूक अशीही होऊ शकते.

उपाशी राहण्याचा नियम लोकांना ‘रात्री बारानंतर काही नाही’ असा ठाऊक असतो. खरा हिशेब तासांचा आहे: साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, दूध किंवा हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, तळलेलं किंवा भरपेट जेवण आठ तास. भुलेत घशाचं संरक्षण सुटतं आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. कमरेतून भूल देणार असले तरी हे लागू, कारण ती अपुरी पडली तर पूर्ण भूल द्यावी लागते.

सिस्टरनी “उपाशी आहात ना?” असं विचारलं नाही. “शेवटचं काय घेतलं आणि किती वाजता?” असं विचारलं. तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “सहा वाजता कपभर चहा दिला, त्यात बिस्किट बुडवून. काल संध्याकाळपासून पोटात काही नव्हतं हो.” दुधाचा चहा म्हणजे दूधच. सहा अधिक सहा, म्हणजे बारा. भूलतज्ज्ञांना फोन गेला, आजींचा नंबर यादीत पहिल्याचा दुसरा झाला, ऑपरेशन साडेबाराला ठरलं. आणि साडेदहापर्यंत घोटघोट पाणी द्यायला त्यांनीच सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला चौदा-चौदा तास कोरडं ठेवणं हीसुद्धा चूकच आहे. रक्तदाब घसरतो, मग भुलेत त्रास होतो.

दागिन्यांवर वाद हमखास. मंगळसूत्र काढायला आजी तयार होत नाहीत. कॉटरीच्या यंत्रातली वीज धातूला लागून कातडी भाजू शकते. नव्या यंत्रांत हा धोका कमी आहे, पण संपलेला नाही. बोट सुजलं की अंगठी रुतते. चमकी आणि कवळी घशात नळी घालताना सुटली तर थेट श्वासनलिकेत जाऊ शकते. काढलेल्या वस्तू दोघांदेखत मोजून, नातेवाइकाची सही घेऊन द्यायच्या. नोंदीत ‘सोन्याची बांगडी’ असं न लिहिता ‘पिवळ्या धातूची’ लिहितात, कारण सिस्टर काही सोनार नाहीत. न निघणारी अंगठी चिकटपट्टीनं झाकून थिएटरला कळवायचं.

शेवटचा रकाना रक्ताचा, आणि तिथे फसवणूक सगळ्यात सोपी. ‘रक्त उपलब्ध’ याचा अर्थ कुणी घेतो रक्तगट माहीत आहे, कुणी घेतो रक्तदाते तयार आहेत. खरा अर्थ एकच: आजींच्या नमुन्याशी क्रॉसमॅच केलेली पिशवी त्यांच्या नावानं ब्लड बँकेत राखून ठेवलेली आहे. क्रॉसमॅचला पाऊण ते एक तास लागतो. रक्तस्राव सुरू झाल्यावर एवढा वेळ नसतो. म्हणून सिस्टर ब्लड बँकेला फोन करून पिशव्या किती आणि कधीपर्यंत राखल्या आहेत ते विचारतात. मुळात नमुन्याच्या बाटलीवरचं लेबल खाटेपाशीच लिहिलेलं हवं. टेबलावर चार बाटल्या नेऊन मग नावं घातली, तर अदलाबदल होते, आणि चुकीच्या गटाचं रक्त जीव घेऊ शकतं. पिशवी आधीच वॉर्डात आणून ठेवणंही चूक. फ्रिजबाहेर अर्ध्या तासाहून जास्त राहिलेली पिशवी ब्लड बँक सहसा परत घेत नाही.

यातलं एकही उत्तर अर्धवट असेल, तर ट्रॉली हलवायची नाही. थिएटरमधून दोनदा फोन आला तरी.

तुमचं माणूस त्या खाटेवर असेल, तर एवढं करा: चहा दिला असेल तर वेळेसकट सांगा. त्यानं ऑपरेशन काही तास पुढे जाईल, इतकंच.